कोबाल्ट फेराइटचा एक्सआरडी पॅटर्न कसा वाचायचा: फेज ओळखण्यापासून लॅटिस पॅरामीटरपर्यंत

सोलापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सोल-जेल ऑटोकम्बशनने फेराइट बनवणारी मुलं पॅटर्न घेऊन येतात, तेव्हा बहुतेकांचा क्रम एकच असतो. सगळ्यात उंच पीक शोधायचा, त्याला (३११) म्हणायचं, ब्रॅगच्या सूत्रात कोन टाकायचा आणि आलेला आकडा चार दशांशांपर्यंत प्रबंधात लिहायचा. मग प्रश्न येतो, "मॅडम, झिंक घातल्यावर पीक डावीकडे सरकलाय. म्हणजे झिंक आत गेलं ना?"

गेलं असेलही. पण पावडर होल्डरमध्ये ०.१५ मिलिमीटर खाली बसली तरी पीक तेवढाच डावीकडे सरकतो. या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या, यावरच या लेखाचा भर आहे.

त्यासाठी एकच नमुना शेवटपर्यंत नेते: कोबाल्ट फेराइट, CoFe2O4, घन स्पिनेल रचना. आकडे मी मुद्दाम रचले आहेत. खरा लॅटिस पॅरामीटर a ८.३९० अँगस्ट्रॉम धरला, यंत्राच्या गोनिओमीटरची त्रिज्या १५० मिलिमीटर धरली आणि पावडर कडेपेक्षा ०.१५ मिलिमीटर खाली बसल्यावर प्रत्येक पीक कुठे दिसेल ते काढलं. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे कुठली पद्धत त्याच्यापर्यंत नेते आणि कुठली चुकवते, हे तुम्हीही कागदावर पडताळू शकता.

## टप्पा १: नमुना पाठवण्यापूर्वी

पावडर अॅगेटच्या खलात घोटा. बोटांना कण लागत असतील तर अजून घोटायला हवी. मैद्यासारखी मऊ लागली पाहिजे. कण मोठे राहिले तर थोडेच स्फटिक किरणांसमोर येतात आणि पीकच्या उंचीचं प्रमाण बिघडतं. अशा पॅटर्नमध्ये फेज बरोबर असली तरी डेटाबेसमधल्या संदर्भ कार्डाशी जुळत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या नमुन्याला लागतो.

होल्डर भरताना पावडरची पातळी त्याच्या कडेशी तंतोतंत आली पाहिजे. काचेच्या स्लाइडच्या कडेने जादा पावडर काढा, मग स्लाइड सपाट ठेवून हलकं दाबा. स्लाइड एकाच दिशेने ओढत घासू नका. पानासारखे चपटे कण त्याने एकाच बाजूला झोपतात. फेराइटमध्ये हा त्रास कमी असतो, पण सवय लागली की पुढच्या नमुन्यात नडते.

मशीन आपल्या विभागात नसेल आणि नमुना कोल्हापूरला किंवा पुण्याला पाठवायचा असेल, तर होल्डर भरणं आपल्या हातात राहत नाही. अशा वेळी दोन गोष्टी कराव्यात. निदान एक ग्रॅम पावडर पाठवा, कारण चिमूटभर पावडर काचेवर पसरून मोजली की तिची पातळी कुठे होती ते कोणीच सांगू शकत नाही. आणि शक्य असेल तर शुद्ध सिलिकॉनची पावडर साधारण दहा टक्के वजनाने मिसळून एक वेगळी पुडी द्या. सिलिकॉनचा a ५.४३१ अँगस्ट्रॉम आहे आणि त्याचे पहिले तीन पीक तांब्याच्या किरणांनी २८.४४, ४७.३० आणि ५६.१२ अंशांवर यायला हवेत. जे काही सरकलं असेल ते दोन्ही पदार्थांसाठी सारखंच सरकलेलं असतं, म्हणून सिलिकॉन तिथल्या तिथे साक्ष देतं.

सोबतच्या चिठ्ठीवर एवढं लिहा: २θ १५ ते ९५ अंश, पायरी ०.०२ अंश, प्रत्येक पायरीला निदान एक सेकंद, आणि मूळ आकड्यांची फाइल हवी.

सावधान: नुसतं ग्राफचं चित्र घेऊन परत येऊ नका. चित्रावर पट्टी ठेवून काढलेल्या कोनातून लॅटिस पॅरामीटर निघत नाही. दोन स्तंभांची फाइल हवी, एकात २θ आणि दुसऱ्यात मोजणी.

## टप्पा २: कार्ड उघडण्याआधी पॅटर्न नीट पाहा

सॉफ्टवेअरचं सर्च-मॅच बटण इतक्यात दाबू नका. आधी तीन गोष्टींची खात्री करा.

कुठला किरण होता? बहुतेक ठिकाणी तांब्याची ट्यूब असते, पण लोह आणि कोबाल्टच्या नमुन्यांसाठी काही प्रयोगशाळा कोबाल्टची ट्यूब लावतात. तांब्याने (३११) पीक ३५.४६ अंशांवर येतो, कोबाल्टने तोच ४१.४ च्या आसपास. ट्यूब न विचारता कार्ड लावलं तर काहीही जुळत नाही आणि दोन दिवस वाया जातात.

बॅकग्राउंड किती उंच आहे? तांब्याच्या के-अल्फा किरणांची ऊर्जा ८.०४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. लोहाची के-कड ७.११ वर आहे आणि कोबाल्टची ७.७१ वर. म्हणजे या किरणांनी नमुन्यातलं लोह आणि कोबाल्ट दोन्ही प्रतिदीप्त होतात, आणि ते किरण पॅटर्नभर पसरून बॅकग्राउंड उचलतात. लहान पीक त्यात बुडतात. डिटेक्टरसमोर ग्रॅफाइट मोनोक्रोमेटर असेल, किंवा डिटेक्टरची ऊर्जा-खिडकी आवळलेली असेल, तर हे बरंच कमी होतं. निकेल फेराइटमध्ये निकेलची कड ८.३३ वर असल्याने त्यातलं निकेल प्रतिदीप्त होत नाही, लोह मात्र होतंच. उंच बॅकग्राउंड बघून "नमुना अमॉर्फस आहे" असा निष्कर्ष काढू नका. अमॉर्फस पदार्थाचा पसरट फुगवटा ठरावीक कोनांच्या पट्ट्यात दिसतो, प्रतिदीप्तीमुळे सगळीच पातळी वर जाते.

के-अल्फा-२ काढलेला आहे का? तांब्याचा के-अल्फा किरण दोन तरंगलांबींचा असतो, १.५४०६ आणि १.५४४४ अँगस्ट्रॉम. ३५ अंशांवर या दोघांच्या पीकमध्ये जेमतेम ०.०९ अंशाचं अंतर असतं, म्हणून ते एकच दिसतात. ७४ अंशांवर अंतर ०.२ अंशापेक्षा जास्त होतं आणि पीकला उजवीकडे खांदा फुटतो. तो खांदा म्हणजे दुसरी फेज नव्हे. सॉफ्टवेअरने के-अल्फा-२ काढला असेल, किंवा फिटिंगमध्ये जोडी धरली असेल, तर १.५४०६ वापरा. काहीच केलं नसेल आणि पीक एकसंध असेल तर १.५४१८ ही भारित सरासरी वापरा. चुकीची तरंगलांबी घेतली तर फेराइटच्या a मध्ये ०.००६५ अँगस्ट्रॉमचा फरक पडतो, आणि कितीही पीक घेतले तरी तो जात नाही.

## टप्पा ३: पीकची यादी करा

माथ्यावर कर्सर ठेवून कोन वाचू नका. नॅनो आकाराच्या फेराइटचे पीक रुंद असतात, त्यांचा माथा गोंगाटात इकडेतिकडे हलतो. प्रत्येक पीक स्यूडो-व्हॉइट आकाराने फिट करून केंद्र काढा. ज्यावर हात ठेवून सांगता येईल असेच पीक यादीत घ्या, पण बारीक पीक वगळताना ते कुठे होते हे समासात लिहून ठेवा. पाचव्या टप्प्यात तीच नोंद कामाला येते.

आपल्या नमुन्याची यादी अशी आली: २९.९९, ३५.३५, ३६.९८, ४२.९९, ५३.३६, ५६.८९, ६२.४८ आणि ७३.९४ अंश. (१८ अंशांजवळचा (१११) फार बारीक असल्याने घेतलेला नाही.)

तपासा: यादीतले कोन २θ आहेत. सूत्रात θ जातो, म्हणजे निम्मा. एक्सेलमध्ये SIN ला रेडियन लागतात, अंश नाही. या दोन चुका वर्षानुवर्षं तशाच भेटतात. उत्तर ४ अँगस्ट्रॉमच्या आसपास किंवा उणे आलं की आधी इथेच बघा.

## टप्पा ४: गुणोत्तरं काढून इंडेक्सिंग करा

घन स्फटिकात sin²θ ची किंमत h²+k²+l² च्या प्रमाणात असते. ही बेरीज आपण N म्हणू. सगळ्या पीकचे sin²θ काढून पहिल्याने भागले की N चं गुणोत्तर मिळतं. यात एक फसवी जागा आहे: यादीतला पहिला पीक म्हणजे रचनेतला पहिला पीक, असं गृहीत धरलं जातं. आपला (१११) यादीत नाही, म्हणून पहिला दिसणारा पीक (२२०) आहे, ज्याचा N आठ.

आपली गुणोत्तरं येतात १, १.३७७, १.५०२, २.००६, ३.०१२, ३.३८९, ४.०१८, ५.४०३. यांना कुठल्या पूर्णांकाने गुणलं की सगळीच पूर्णांकाजवळ येतात ते शोधायचं. दोनने गुणून दुसरं २.७५ येतं, नाही. तीनने ४.१३, नाही. चारने ५.५१, तेही नाही. आठने गुणल्यावर मिळतं:

८, ११.०२, १२.०२, १६.०४, २४.०९, २७.११, ३२.१४, ४३.२२

म्हणजे N = ८, ११, १२, १६, २४, २७, ३२, ४३. निर्देशांक (२२०), (३११), (२२२), (४००), (४२२), (५११), (४४०), (५३३). सगळे निर्देशांक एकतर तिन्ही सम किंवा तिन्ही विषम, म्हणजे जाळी पृष्ठकेंद्री. इथे काही जण अडतात, कारण पाठ्यपुस्तकातल्या पृष्ठकेंद्री यादीत ४ आणि २० पण असतात आणि आपल्याकडे ते नाहीत. स्पिनेलच्या `Fd-3m` गटात घसरण-प्रतलामुळे (२००) आणि (४२०) मुळातच येत नाहीत. त्यांचं नसणं हाच स्पिनेलचा पुरावा आहे. N = १९ म्हणजे (३३१) नियमाने चालतो, पण फार क्षीण असतो. तो दिसला नाही म्हणून काळजी नको.

आता त्या आकड्यांकडे पुन्हा बघा. ११.०२ पासून ४३.२२ पर्यंत सगळे पूर्णांकापेक्षा थोडे जास्त आहेत, आणि ते जास्तपण वाढत गेलंय. निव्वळ मोजणीतली गडबड असती तर काही वर, काही खाली गेले असते. सगळेच एका बाजूला सरकत असतील तर काहीतरी पद्धतशीर चुकतंय. बहुतेक जण इथे आकडे गोल करून पुढे जातात आणि हाताशी आलेली खूण हरवून बसतात. हा कल वहीत नोंदवा.

सावधान: N म्हणून ७ किंवा १५ आले तर इंडेक्सिंग चूक आहे, कारण तीन वर्गांची बेरीज ७ किंवा १५ होऊच शकत नाही. आणि दोन-तीनच पीकच्या भरवशावर इंडेक्सिंग करू नका. तेवढे पीक जवळपास कशालाही जुळतात.

## टप्पा ५: आता कार्ड, आणि उरलेल्या पीकचा हिशेब

कोबाल्ट फेराइटचं नेहमी वापरलं जाणारं कार्ड 22-1086, त्यात a ८.३९१९ अँगस्ट्रॉम. संस्थेकडे डेटाबेस नसेल तर क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसमधून रचनेची फाइल मोफत उतरवून व्हेस्टा या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न काढता येतो.

कोनांसोबत उंचीही जुळवा. (३११) शंभर धरला तर (४४०) चाळीसच्या घरात, (२२०) आणि (५११) तीसच्या, (४००) वीसच्या आसपास आणि (२२२) दहाच्या आत असायला हवा. यादीतला एखादा पीक याहून फारच उंच निघाला तर त्याच्याखाली दुसरं कोणीतरी लपलेलं असू शकतं. आपल्या पदार्थात असे दोन लपणारे ओळखीचे आहेत.

पहिला हेमेटाइट. ज्वलन अर्धवट राहिलं किंवा भट्टीतलं तापमान साधलं नाही की तो उरतो. त्याचा ३५.६ चा पीक स्पिनेलच्या (३११) मध्ये मिसळून जातो आणि (३११) रुंद दिसतो. पण हेमेटाइटचा सगळ्यात उंच पीक ३३.१५ वर असतो आणि तिथे स्पिनेलचं काहीच नसतं. म्हणून आधी ३३ अंशांभोवतीची जागा मोठी करून बघा. मग २४.१ आणि ४९.५ तपासा. लक्षात असू द्या की नमुना खाली बसला असेल तर हेमेटाइटचा पीकही तेवढाच सरकून ३३.०४ च्या आसपास दिसेल.

दुसरा कोबाल्ट ऑक्साइड, Co3O4. तोही स्पिनेलच, पण a ८.०८ अँगस्ट्रॉम. त्याचा उंच पीक ३६.८५ ला येतो, म्हणजे फेराइटच्या (२२२) च्या अगदी शेजारी. म्हणून (२२२) दहापेक्षा खूप उंच आला की ५९.४ आणि ६५.२ वर बघा. तिथे फेराइटचा पीक नाही, दिसलं तर ते याचंच.

समासात लिहून ठेवलेले सगळे बारीक पीक कुठल्या ना कुठल्या फेजला लागले पाहिजेत. एखादा सुटाच राहिला तर तसं लिहा, खोडू नका.

इथे या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. मॅग्नेटाइटचा a ८.३९६ अँगस्ट्रॉम. कोबाल्ट फेराइटशी तुलना केली तर (३११) मध्ये फक्त ०.०२ अंशाचा फरक पडतो, आणि आपल्या नमुन्यात पातळी चुकल्यानेच तो पीक ०.११ अंश सरकलाय. म्हणजे निव्वळ पीकच्या जागेवरून "हे कोबाल्ट फेराइटच आहे, मॅग्नेटाइट नाही" असं सिद्ध होत नाही. पॅटर्न सांगतो की घन स्पिनेल आहे आणि a अमुक आहे. आत कोबाल्ट किती हे ईडीएक्सने किंवा रासायनिक पृथक्करणाने दाखवा. निकेल फेराइट (८.३३९) मात्र ०.२३ अंश दूर असल्याने सहज वेगळं पडतं. शिवाय दोन-तीन टक्क्यांपेक्षा कमी असलेली दुसरी फेज बॅकग्राउंडमध्ये बुडू शकते, म्हणून "शंभर टक्के शुद्ध" असं लिहू नका. "शोधमर्यादेत दुसरी फेज आढळली नाही" एवढंच लिहा.

## टप्पा ६: प्रत्येक पीकमधून a काढा

प्रत्येक पीक a चं स्वतःचं उत्तर देतो. ती सगळी उत्तरं शेजारीशेजारी मांडा. एक्सेलमध्ये A स्तंभात २θ, B मध्ये N, मग:

```
C2: =1.5406*SQRT(B2)/(2*SIN(RADIANS(A2/2)))
D2: =COS(RADIANS(A2/2))^2/SIN(RADIANS(A2/2))
```

C म्हणजे त्या पीकने दिलेला a. D चं काम पुढच्या टप्प्यात आहे.

| २θ (अंश) | hkl | N | a (अँगस्ट्रॉम) | cos²θ/sinθ |
|---|---|---|---|---|
| २९.९९ | २२० | ८ | ८.४२१ | ३.६०६ |
| ३५.३५ | ३११ | ११ | ८.४१५ | २.९९० |
| ३६.९८ | २२२ | १२ | ८.४१४ | २.८३६ |
| ४२.९९ | ४०० | १६ | ८.४०९ | २.३६३ |
| ५३.३६ | ४२२ | २४ | ८.४०५ | १.७७८ |
| ५६.८९ | ५११ | २७ | ८.४०३ | १.६२३ |
| ६२.४८ | ४४० | ३२ | ८.४०२ | १.४१० |
| ७३.९४ | ५३३ | ४३ | ८.३९९ | १.०६१ |

चौथा स्तंभ वरून खाली वाचा. कोन वाढतोय तसा a एकसारखा उतरतोय. एकाच स्फटिकाचे आठ लॅटिस पॅरामीटर असू शकत नाहीत, तेव्हा हा उतार यंत्राचा किंवा नमुन्याच्या पातळीचा आहे. टप्पा ४ मधल्या कलाचा अर्थ आता उघड होतो.

या जागी दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, फक्त (३११) घेऊन ८.४१५ लिहिणं. उंच पीक विश्वासाचा वाटतो, पण पातळीतल्या चुकीमुळे a मध्ये पडणारा फरक लहान कोनावर सगळ्यात मोठा असतो. दुसरी चूक जास्त सुशिक्षित आहे: आठही घेऊन सरासरी ८.४०८ लिहिणं. सगळ्या चुका एकाच बाजूला असताना सरासरीने त्या कटत नाहीत, फक्त मधोमध जाऊन बसतात.

याने केवढं नुकसान होतं ते झिंकच्या प्रश्नावरूनच बघा. झिंक फेराइटचा a ८.४४१ अँगस्ट्रॉम. कोबाल्ट ते झिंक a सरळ रेषेत वाढतो असं धरलं, तर ८.४०८ वरून निष्कर्ष निघेल की कोबाल्टच्या एक तृतीयांश जागी झिंक बसलंय. ८.४१५ वरून तर जवळजवळ निम्म्या जागी. आणि या नमुन्यात झिंक नाहीच. पावडर ०.१५ मिलिमीटर खाली बसली होती, इतकंच.

## टप्पा ७: चूक काढून टाका

नमुना s इतका खाली असेल आणि गोनिओमीटरची त्रिज्या R असेल, तर पीक २θ मध्ये `2s·cosθ/R` रेडियनने डावीकडे सरकतो. नमुना वर असेल तर उजवीकडे. ब्रॅगच्या सूत्रातून पुढे नेलं की a मधली चूक अशी येते:

```
Δa/a = (s/R) · cos²θ/sinθ
```

θ नव्वद अंश झाला की cos²θ शून्य होतो आणि चूकही शून्य. नव्वद अंशांवर मोजता येत नाही, पण a विरुद्ध cos²θ/sinθ असा आलेख काढून सरळ रेषा शून्यापर्यंत वाढवता येते. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो खरा a.

```
a0: =INTERCEPT(C2:C9,D2:D9)
m:  =SLOPE(C2:C9,D2:D9)
```

C स्तंभ आधी, D नंतर. उलट टाकलं तर निरर्थक आकडा येतो.

आपल्या आकड्यांसाठी a0 येतो ८.३९० आणि उतार ०.००८४३. सुरुवातीला धरलेला a हाच होता. उतारही वाया जात नाही: `s = m·R/a`, म्हणजे ०.००८४३ गुणिले १५० भागिले ८.३९, उत्तर ०.१५ मिलिमीटर. पावडर किती खाली होती हे पॅटर्नने स्वतःच सांगितलं.

तपासा: आलेख डोळ्यांनी पाहा, नुसता INTERCEPT घेऊ नका. आपल्याकडे आठही बिंदू रेषेपासून ०.००१ अँगस्ट्रॉमच्या आत आहेत. एखादा बिंदू एकटाच दूर पडला तर तो पीक दुसऱ्या फेजशी मिसळलाय, किंवा त्याचा निर्देशांक चुकलाय. अशा बिंदूला रेषेतून काढण्याआधी कारण शोधा. बिंदू सरळ न जाता वाकत असतील तर पातळीबरोबर गोनिओमीटरचा शून्यही सरकलेला असू शकतो. त्या चुकीचा परिणाम cotθ प्रमाणे जातो, आणि ७४ अंशांपर्यंतच मोजलं तर दोन्ही वेगळ्या करणं अवघड. अशा वेळी सिलिकॉन मिसळलेली पुडी उपयोगी पडते.

नेल्सन-रायली फलन प्रबंधांत जास्त दिसतं. ते वेगवेगळ्या चुका एकत्र असतील तेव्हा बरं चालतं आणि त्याने फारसं बिघडत नाही. पण आजच्या डिफ्रॅक्टोमीटरमध्ये मुख्य चूक नमुन्याच्या पातळीची असते, म्हणून मी आधी cos²θ/sinθ काढायला सांगते. त्याच्या उताराला अर्थ असतो, मिलिमीटरमध्ये वाचता येतो.

पहिल्या टप्प्यात ९५ अंशांपर्यंत स्कॅन मागितला होता, तो याचसाठी. (५३३) नंतर रेषा १.०६ पासून शून्यापर्यंत हवेत वाढवावी लागते. ८९.७ अंशांजवळचा (७३१) नीट दिसला तर ते अंतर कमी होतं. प्रतिदीप्तीमुळे तो बुडालाच, तर ओढूनताणून फिट करू नका.

## टप्पा ८: उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचं

एक्सेल ८.३८९७५ दाखवतं. ते तसंच उतरवू नका. आपण कोन ०.०१ अंशापर्यंत वाचलेत. (३११) मध्ये ०.०१ अंशाची चूक a मध्ये ०.००२३ अँगस्ट्रॉम बनते, (५३३) मध्ये ०.००१०. मोठ्या कोनाचे पीक जास्त मोलाचे का, तेही इथे कळतं. रेषेवर बिंदू ज्या घट्टपणे बसलेत ते बघता ८.३९० ± ०.००१ अँगस्ट्रॉम हे प्रामाणिक उत्तर. एक्सेलचं `LINEST(C2:C9,D2:D9,TRUE,TRUE)` दुसऱ्या ओळीच्या दुसऱ्या खान्यात छेदाची प्रमाण-त्रुटी थेट देतं, तिच्या दुपटीएवढी मर्यादा लिहा.

प्रबंधात आकड्यासोबत हे सगळं यावं: तरंगलांबी आणि के-अल्फा-२ काढला होता का, किती पीक वापरले, कुठलं फलन घेतलं, उतारातून निघालेला s, आणि अंतर्गत मानक होतं का. झिंकची मालिका असेल तर प्रत्येक नमुन्याचा s वेगळा दाखवा. एका नमुन्यात ०.१५ आणि दुसऱ्यात उणे ०.०५ असं आलं, तर त्या दोघांच्या कच्च्या पीकची शेजारी ठेवलेली चित्रं झिंकबद्दल काहीच सांगत नाहीत. तुलना फक्त दुरुस्त केलेल्या a ची करा. s अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेला तर हिशेबाने सावरत बसू नका, होल्डर पुन्हा भरून नवीन स्कॅन घ्या.